महिनाअखेरची रुजुवात आणि मालकांच्या मंजुरीचे पत्र

पॉलिक्लिनिकचा कारभार बाहेरून पाहणाऱ्यास सगळा तपासणीच्या खोलीतच चाललेला दिसतो. परंतु महिन्याच्या शेवटच्या दिवशी रात्री अखेरचा रुग्ण आपला केसपेपर घेऊन निघून गेल्यावर स्वागतकक्षातील टेबलावर जो दुसरा कारभार सुरू होतो, तो पुढे सात-आठ दिवस रेंगाळतो, आणि त्याच्या बिनचूकपणावरच व्हिजिटिंग डॉक्टरांचा मोबदला, सरकारचा कर आणि मालकांच्या हाती उरणारी शिल्लक या तिन्ही गोष्टी अवलंबून असतात. हा कारभार हातांनी करण्याऐवजी संगणकाकडून करून घ्यावा असे ज्या व्यवस्थापकास वाटते, त्याला प्रथम मालकांची मंजुरी मिळवावी लागते, आणि ती बहुधा एका ई-मेलवर ठरते. त्या ई-मेलमध्ये काय असावे आणि का असावे, हे या प्रकरणात एका उदाहरणाच्या आधारे पाहावयाचे आहे.

उदाहरणासाठी मिरजेसारख्या शहरातील एक पॉलिक्लिनिक कल्पू. मालक स्वतः फिजिशियन असलेल्या डॉक्टर मॅडम. आठवड्याच्या ठरावीक वारी येणारे पाच व्हिजिटिंग डॉक्टर. दिवसाला साठाच्या आसपास रुग्ण, आणि महिन्याचे 26 दिवस धरले तर सुमारे 1,560 पावत्या. पैसे चार वाटांनी येतात: रोख गल्ल्यात, क्यूआर कोडवर यूपीआयने, कार्डाच्या मशीनवर, आणि कॅशलेस विमा असलेल्या रुग्णांच्या बाबतीत टीपीएकडून, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे पाहणाऱ्या मध्यस्थ संस्थेकडून, काही आठवड्यांनी. बिलिंगचे सॉफ्टवेअर आहे, बँकेचा उतारा नेटवर मिळतो, यूपीआय आणि कार्डाचा रोजचा हिशेब देणारी फाईलही मिळते. मात्र या तीन ठिकाणच्या नोंदी एकमेकींशी बोलत नाहीत, आणि त्यांचा मेळ घालण्याचे काम बिलिंगच्या ताई महिनाअखेरीस करतात.

ते काम असे चालते. ताई बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधून महिन्याच्या पावत्यांची यादी एक्सेलमध्ये उतरवून घेतात, ती डॉक्टरवार लावतात, प्रत्येक डॉक्टरांच्या फीची बेरीज करून ठरलेल्या प्रमाणात, समजा सत्तर टक्के डॉक्टरांचे आणि तीस टक्के दवाखान्याचे, वाटणी काढतात. मग यूपीआय व कार्डाचा हिशेब छापून घेतात, बँकेचा उताराही छापतात, आणि पट्टी व पेन्सिल घेऊन एकेका रकमेवर बरोबरची खूण करीत जातात. मध्येच खिडकीपाशी रुग्ण येतो, फोन वाजतो, आणि परत बसल्यावर कोणत्या ओळीपर्यंत खुणा झाल्या होत्या हे शोधण्यात आणखी वेळ जातो. हे सारे आटोपल्यावर अर्धवेळ येणारे हिशेबनीस ती आकडेवारी आपल्या पद्धतीने पुन्हा तपासतात, टीपीएकडील येणे बाकी तीत मिळवतात, आणि एक पानाचा तक्ता मॅडमच्या टेबलावर ठेवतात. टेबलावर प्रत्यक्ष बसून केलेल्या कामाचा वेळ मोजला तर तो ताईंचा 14 तास आणि हिशेबनिसांचा 5 तास भरतो. परंतु ओपीडी सांभाळून हे सर्व होत असल्याने तक्ता तयार होईपर्यंत पुढच्या महिन्याची 8 किंवा 9 तारीख उजाडते.

ही तारीख नुसती गैरसोयीची नाही, कारण व्हिजिटिंग डॉक्टरांना द्यावयाची वार्षिक रक्कम कायद्याने ठरवलेल्या मर्यादेपलीकडे जात असेल तर तिच्यातून दहा टक्के टीडीएस कापावा लागतो, आणि तो पुढच्या महिन्याच्या 7 तारखेपर्यंत सरकारजमा व्हावा लागतो. फक्त मार्चच्या कपातीसाठी 30 एप्रिलपर्यंत मुदत असते. आपल्या उदाहरणात जुलै महिन्याचा डॉक्टरांचा एकूण हिस्सा 4,20,000 रुपये, आणि त्यावरील कपात 42,000 रुपये. ती 31 जुलैला खात्यावर नोंदली गेली आणि 9 ऑगस्टला भरली, तर कापून न भरलेल्या करावर दरमहा दीड टक्का व्याज लागते. महिन्याचा अंश हा पूर्ण महिना धरला जात असल्यामुळे जुलै एक आणि ऑगस्ट एक असे दोन महिने मोजले जातात, आणि केवळ दोन दिवसांच्या विलंबापायी 1,260 रुपये व्याज पडते. हे टाळण्यासाठी हिशेबनीस 7 तारखेला अंदाजाने रक्कम भरतात आणि खरा आकडा हाती आल्यावर पुढील महिन्यात फरक काढतात. व्याज टळते, परंतु प्रत्येक महिन्याच्या हिशेबाला मागील महिन्याची एक शेपटी चिकटून राहते, आणि वर्षअखेरीस एखाद्या डॉक्टरांच्या करदाखल्यातील रक्कम व त्यांना प्रत्यक्ष मिळालेली रक्कम यांत तफावत निघाली की तिचा उगम शोधणे फार जिकिरीचे होऊन बसते.

आता संगणकाने नेमके काय करावयाचे, हे एका तफावतीच्या आधारे पाहू. कारण मंजुरीचे पत्र लिहिणाराच या ठिकाणी पुष्कळदा संदिग्ध असतो, आणि लिहिणाऱ्याची संदिग्धता वाचणाऱ्यास तत्काळ जाणवते. समजा, जुलैच्या पावत्यांनुसार यूपीआयने 3,18,400 रुपये आले, आणि बँकेत मात्र त्या महिन्यात 3,14,250 रुपयेच जमा दिसतात. तफावत 4,150 रुपयांची. ताई दीड दिवस खपून तिची फोड करतात, तेव्हा असे निघते की 2,600 रुपये हे 31 जुलैच्या संध्याकाळचे असून यूपीआयची संध्याकाळची जमा दुसऱ्या दिवशी एकरकमी बँकेत येत असल्यामुळे ते 1 ऑगस्टच्या उताऱ्यात आहेत. 1,200 रुपयांच्या एका पावतीवर घाईत यूपीआय असे नोंदले गेले, परंतु रुग्णाने रोख दिले होते, आणि म्हणूनच त्या दिवशी गल्ल्यात 1,200 रुपये जास्त निघाले होते. उरलेले 350 रुपये रुग्णाने मोबाईलचा पडदा दाखवून ‘गेले’ म्हणून सांगितले, परंतु व्यवहार मध्येच अडला आणि पैसे कधी आलेच नाहीत.

या तीन रकमांची जात निराळी आहे. पहिली आपोआप मिटणारी आहे आणि ती फक्त पुढील महिन्यात ओढावयाची आहे. दुसरी लेखनाची चूक आहे आणि पावतीवर दुरुस्त करावयाची आहे. तिसरी वसुलीची बाब आहे आणि तिच्यासाठी रुग्णाला फोन करावा लागणार आहे. यांपैकी कोणतेही निदान संगणक करणार नाही. परंतु 1,560 पावत्यांपैकी शंकास्पद पावत्या कोणत्या, एवढे तो क्षणात सांगू शकतो, आणि ताईंचे बहुतेक तास आज नेमके त्यासाठीच खर्ची पडतात. मालकांना संगणकीकरणाचा अर्थ समजावून द्यावयाचा असेल तर तो या भाषेत द्यावा: जुळलेल्या ओळी बाजूस सारण्याचे काम यंत्राचे, आणि न जुळलेल्या ओळींचे कारण लिहिण्याचे काम माणसाचे.

यासाठी नवे सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागत नाही. एक्सेलमध्येच पॉवर क्वेरी नावाची सोय आहे. एका ठरावीक फोल्डरमध्ये महिन्याच्या फायली टाकावयाच्या, `From Folder` या आज्ञेने त्या आत घ्यावयाच्या, आणि पावत्यांची यादी व यूपीआयचा हिशेब `Merge Queries` मध्ये शेजारी ठेवून `Left Anti` हा जोडप्रकार निवडावयाचा, की पहिल्या यादीत असलेल्या पण दुसरीत न सापडलेल्या ओळी तेवढ्या वेगळ्या निघतात. पायऱ्या एकदा बसवल्या की पुढच्या महिन्यात फायली बदलून `Refresh` करणे एवढेच उरते. मात्र दोन्ही याद्यांना जोडणारी एक समान खूण लागते. यूपीआयच्या प्रत्येक व्यवहारास बारा अंकी संदर्भ क्रमांक असतो. तो पावती फाडतानाच नोंदला गेला तर मेळ अचूक बसतो, आणि नोंदला गेला नाही तर तारीख व रक्कम यांवर भिस्त ठेवावी लागते. एकाच दिवशी पाचशे रुपयांच्या वीस पावत्या असणाऱ्या ओपीडीत ही भिस्त फारशी उपयोगाची नसते. म्हणून संगणकीकरणाचे पहिले पाऊल बिलिंगच्या खिडकीवर पडावयास हवे: संदर्भ क्रमांकाचे निदान शेवटचे सहा अंक प्रत्येक यूपीआय पावतीवर नोंदण्याची सवय, प्रस्ताव पाठवण्याच्या एक महिना आधीपासून.

दुसरी पूर्वतयारी याहून नाजूक आहे. ताईंच्या चौदा तासांत केवळ खुणा करण्याचा वेळ नसतो. कोठेही न लिहिलेले कित्येक नियम त्या तासांत त्या पाळीत असतात. सात दिवसांच्या आत फॉलो-अपला आलेल्या रुग्णाची शून्य रकमेची पावती डॉक्टरांच्या रुग्णसंख्येत धरावयाची की नाही; मॅडमनी दारातूनच ‘यांचे दोनशे कमी करा’ असे सांगितले, तर ते दोनशे दवाखान्याने सोसावयाचे की व्हिजिटिंग डॉक्टरांनीही आपल्या सत्तर टक्क्यांच्या प्रमाणात; 30 जुलैची पावती 2 ऑगस्टला रद्द होऊन पैसे परत गेले, तर ती वजावट कोणत्या महिन्याची; कार्डाच्या मशीनचे बँकेने कापलेले शुल्क वाटणीच्या आधी धरावयाचे की नंतर. ताईंना यांची उत्तरे ठाऊक असतात, कारण कधीकाळी कोणीतरी ती त्यांना सांगितलेली असतात. आणि एका डॉक्टरांबाबत एक रिवाज व दुसऱ्यांबाबत दुसरा, असेही पुष्कळदा आढळते. संगणकास रिवाज समजत नाही. त्याला नियम लेखी द्यावा लागतो, आणि तो लेखी देण्याचा अखत्यार ताईंचाही नाही व व्यवस्थापकाचाही नाही. तो मालकांचाच आहे. ज्या प्रस्तावात हे प्रश्न विचारलेलेच नसतात, त्या प्रस्तावानुसार बसवलेली यंत्रणा पहिल्याच महिन्यात एखाद्या डॉक्टरांच्या हिश्शात दोन-तीन हजारांचा फरक दाखवते, ते डॉक्टर विचारणा करतात, आणि सगळा दोष संगणकाच्या माथी मारून जुन्या वह्या पुन्हा उघडल्या जातात.

इतकी पार्श्वभूमी ध्यानी घेऊन व्यवस्थापकाने 12 ऑगस्टच्या सुमारास, जुलैचा अहवाल नुकताच हातावेगळा झालेला असताना, पाठवावयाचा ई-मेल असा असू शकेल.

> विषय: मंजुरीसाठी – महिनाअखेरच्या अहवालाची नवी पद्धत, दोन महिने चाचणी, खर्च रु. 24,000
>
> आदरणीय मॅडम,
> सप्रेम नमस्कार.
>
> महिनाअखेरचा अहवाल सध्या आपल्या हाती 8 किंवा 9 तारखेला पडतो. तो 3 तारखेला देता यावा म्हणून पावत्यांची यादी, यूपीआय-कार्डाचा हिशेब आणि बँकेचा उतारा यांची रुजुवात संगणकाकडून करून घेण्यास आपली मंजुरी हवी आहे. नवीन सॉफ्टवेअर घ्यावे लागणार नाही. आपल्याकडील एक्सेलमध्येच ही व्यवस्था बसवून देण्याचा एकवेळचा खर्च 24,000 रुपये आहे. निम्मे काम सुरू करताना आणि निम्मे चाचणी यशस्वी झाल्यावर द्यायचे ठरले आहे.
>
> जुलैच्या अहवालासाठी ताईंना 14 तास आणि हिशेबनिसांना 5 तास लागले. नव्या पद्धतीत साडेतीन तास आणि अर्धा तास लागतील, असा अंदाज आहे. यात रोख बचत फक्त हिशेबनिसांच्या साडेचार तासांची, म्हणजे तासाला 250 रुपयांप्रमाणे महिन्याला 1,125 रुपये होईल. ताईंचा पगार आहे तोच राहील. त्यांचा वाचलेला वेळ टीपीएकडील थकलेल्या दाव्यांच्या पाठपुराव्याला देता येईल. नुसत्या रोख बचतीतून खर्च भरून यायला पावणेदोन वर्षे लागतील. खरा फायदा तारखेचा आहे: डॉक्टरांचा हिस्सा आणि त्यावरील टीडीएस 7 तारखेच्या आत पक्का होईल, अंदाजाने भरावा लागणार नाही.
>
> संगणक फक्त जुळणी करील. जे जुळणार नाही, त्याची यादी ताई पाहतील आणि प्रत्येक ओळीपुढे कारण लिहितील. आपल्या सहीशिवाय कोणत्याही डॉक्टरांची रक्कम जाणार नाही. या फायलीत रुग्णाचे नाव, फोन आणि निदान घेणार नाही. पावती क्रमांक पुरेसा आहे.
>
> ऑगस्ट आणि सप्टेंबर हे दोन्ही महिने जुनी व नवी पद्धत एकत्र चालवू. आकडे रुपयापर्यंत जुळले नाहीत, तर जुनीच पद्धत चालू राहील आणि उरलेले 12,000 रुपये द्यावे लागणार नाहीत.
>
> दोन बाबींचा निर्णय मात्र आपणच द्यायचा आहे. तोंडी दिलेली सवलत कोणाच्या हिश्शातून वजा करावी? आणि पुढच्या महिन्यात रद्द झालेली पावती कोणत्या महिन्यात धरावी? सोबतच्या पानावर आज चाललेला रिवाज लिहिला आहे. त्यात बदल असल्यास कळवावा.
>
> 20 ऑगस्टपर्यंत ‘मंजूर’ एवढे उत्तर आले तरी काम सुरू करता येईल.
>
> आपला विनम्र,
> व्यवस्थापक

हा मजकूर वाचताना प्रथम लक्षात येते ती त्यातील बचतीची कबुली. असे प्रस्ताव लिहिणारे पुष्कळ जण वाचलेल्या पंधरा तासांना पगाराच्या दराने गुणून मोठा आकडा दाखवतात, आणि दवाखाना चालवणाऱ्या माणसास तो आकडा वाचताच खटकतो, कारण ताईंचे साडेदहा तास वाचले म्हणून त्यांच्या पगारातून एक रुपयाही कमी होणार नाही हे मालकांना पक्के ठाऊक असते. रोख वाचणारी रक्कम तेवढीच सांगावी, खर्च भरून यावयास लागणारा दीर्घ काळही सांगावा, आणि मग ज्या लाभासाठी हे करावयाचे तो तारखेचा लाभ पुढे ठेवावा. असा हिशेब मालक स्वतः पडताळून पाहू शकतात, आणि एका आकड्याची सत्यता पटली की उरलेल्या मजकुरावर त्यांचा विश्वास बसतो. शिवाय ताईंचा मोकळा होणारा वेळ कोठे जाईल, हे पत्रात लिहिलेले असल्यामुळे, ‘माझे काम काढून घेतले जात आहे काय’ या त्यांच्या मनातील रास्त शंकेसही उत्तर मिळते. पत्र पाठवण्यापूर्वी ते ताईंनी वाचलेले असावे, असा माझा आग्रह आहे; ज्यांच्या श्रमाचे वर्णन त्यात आहे, त्यांना ते दुसऱ्याकडून कळणे बरे नव्हे.

रुग्णाचे नाव व निदान वगळण्याचे वाक्य पत्रात एका ओळीचे असले तरी त्यामागे विचार आहे. महिनाअखेरच्या अहवालास कोणाला मधुमेह आहे हे माहीत असण्याचे काही कारण नाही. आणि ही फाईल ताई, हिशेबनीस, ती बसवून देणारा तंत्रज्ञ आणि कदाचित सनदी लेखापाल अशा चार-पाच हातांतून फिरणार असते. डिजिटल स्वरूपातील वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी आपल्याकडे 2023 साली कायदा संमत झाला आहे. तथापि तो नसता तरीही वैद्यकीय व्यवसायाच्या नीतीने हीच मागणी केली असती. माहिती उतरवतानाच ते रकाने सोडून देणे हा सर्वांत सोपा उपाय होय; नंतर लपवलेला रकाना कोणीही पुन्हा उघडू शकतो.

आता चाचणीविषयी. पत्रात तिला एकच परिच्छेद मिळाला असला तरी प्रत्यक्षात खरे काम तेथेच आहे, कारण हाताने केलेल्या हिशेबातील चूक आणि यंत्राने केलेल्या हिशेबातील चूक यांचा स्वभाव भिन्न असतो. ताईंची चूक एखाद्या ओळीपुरती असते आणि बहुधा बेरीज न जुळल्याने उघडकीस येते. यंत्राची चूक शेकडो ओळींना एकदम लागते, आणि अहवाल मात्र नेहमीसारखाच नीटनेटका दिसतो. इंग्लंडमध्ये 2020 च्या शरद ऋतूत कोरोनाच्या साथीच्या ऐन काळात याचा मोठा दाखला मिळाला. 25 सप्टेंबर ते 2 ऑक्टोबर या आठवड्यातील 15,841 बाधितांच्या नोंदी तेथील आरोग्य खात्याच्या रोजच्या आकड्यांतून गळून गेल्या. प्रयोगशाळांकडून आलेल्या फायली आपोआप एकत्र करताना एक्सेलचे जुने स्वरूप वापरले गेले होते, त्या स्वरूपात एका पानावर 65,536 हून अधिक ओळी मावत नाहीत, आणि मर्यादेपलीकडच्या नोंदी पुढे गेल्याच नाहीत. त्या रुग्णांना स्वतःचे अहवाल मिळाले होते. परंतु त्यांच्या संपर्कात आलेल्यांचा शोध कित्येक दिवस लांबला. आत किती नोंदी गेल्या आणि बाहेर किती आल्या, ही तुलना रोज झाली असती तर हे पहिल्याच दिवशी ध्यानात आले असते.

आपल्या पॉलिक्लिनिकला पासष्ट हजार ओळींची भीती नाही. त्याच्या वाट्याला येणारा दोष बहुधा तारखांचा असतो, आणि तो जवळून पाहण्याजोगा आहे. बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधून `05/08/2025` अशी तारीख बाहेर येते. आपल्या दृष्टीने ती 5 ऑगस्ट. संगणकाची मांडणी अमेरिकी पद्धतीची असेल तर एक्सेल तिला 8 मे समजते. `13/08/2025` ही तारीख मात्र त्या पद्धतीत असूच शकत नाही, कारण तेरावा महिना नाही. म्हणून एक्सेल तिला तारीख न मानता केवळ मजकूर म्हणून ठेवते किंवा पॉवर क्वेरीत तेथे त्रुटी दाखवली जाते. परिणाम असा की महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांची जमा, 8 ऑगस्ट हा एक दिवस सोडून, जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत विखुरते आणि 13 तारखेपासूनची जमा अहवालातून नाहीशी होते. एका ऑगस्टच्या अहवालात मे महिन्याचे चार पैसे दिसू लागले की ओळखावे, दोष येथेच आहे. उपाय सोपा आहे: तारखेचा रकाना ठरवताना `Using Locale` निवडून `English (India)` सांगावयाचे. तसेच बारा अंकी संदर्भ क्रमांक संख्या म्हणून आत घेतला तर त्याच्या आरंभीचे शून्य गळते आणि मेळ बसत नाही. तो पहिल्यापासून मजकूर म्हणूनच घ्यावा लागतो.

म्हणून अहवालाच्या माथ्यावर तीन पडताळे कायमचे बसवावयास सांगावेत. फायलीत असलेल्या पावत्यांची संख्या आणि अहवालात आलेल्या पावत्यांची संख्या. डॉक्टरवार बेरीज आणि जमाप्रकारवार, म्हणजे रोख, यूपीआय, कार्ड व टीपीए यांची, बेरीज. आणि पावती क्रमांकांची सलग मालिका, जेणेकरून मधला एखादा क्रमांक गहाळ असेल तर तो नावानिशी दिसावा. तिन्ही जुळेपर्यंत वाटणीचा तक्ता कोरा राहावा, अशी योजना करता येते, आणि ती केलीच पाहिजे.

चाचणीसाठी ऑगस्टची वाट पाहण्याचीही गरज नाही. जुलैचा हिशेब ताईंनी हाताने पूर्ण केलेला आहे आणि त्यातील 2,600, 1,200 व 350 रुपयांच्या तीन तफावती कारणांसह हाती आहेत. जुलैच्याच फायली नव्या यंत्रणेत घालाव्यात. तिने त्या तिन्ही रकमा, त्याच पावती क्रमांकांवर, शोधून दिल्या पाहिजेत. 4,150 हा एकूण आकडा आला पण पावत्या भिन्न निघाल्या, तर ते यश नव्हे. या कसोटीनंतर ऑगस्ट व सप्टेंबरचे दोन्ही मार्गांनी केलेले हिशेब ताडून पाहावेत. या दोन महिन्यांत ताईंचे काम कमी होण्याऐवजी वाढणार आहे, हे त्यांना व मॅडमना आधीच सांगून ठेवलेले चांगले.

मॅडमकडून येणारी बहुधा पहिली शंका अशी असेल की हे बसवून देणारा माणूस उद्या उपलब्ध नसेल तर काय. ती सर्वस्वी योग्य आहे. तिचे उत्तर करारातच असावे: प्रत्येक पायरीचे मराठीत लिहिलेले टिपण, फायलीचा परवलीचा शब्द दवाखान्याच्या स्वाधीन, आणि नवा व्हिजिटिंग डॉक्टर आल्यास किंवा वाटणीचे प्रमाण बदलल्यास ताईंना स्वतः भरता येईल असा एक साधा तक्ता, ज्यात डॉक्टरांचे नाव, टक्केवारी आणि ती कोणत्या तारखेपासून लागू एवढेच रकाने असतील. तारखेचा तो रकाना विसरला, की बदललेली टक्केवारी मागील महिन्यांनाही लागू होते आणि जुने अहवाल पुन्हा उघडल्यास निराळे आकडे दाखवू लागतात. बँकेने किंवा बिलिंग सॉफ्टवेअरने आपल्या फायलीतील रकान्याचे शीर्षक बदलले तर मात्र यंत्रणा अडेल. अशा वेळी ती मुकाट्याने पुढे न जाता त्रुटी दाखवून थांबते, हे इष्टच आहे, आणि त्या महिन्यापुरता ताईंचा पट्टी-पेन्सिलीचा मार्ग मोकळा असावा. टीपीएकडील येणे बाकीही या व्यवस्थेत प्रथमच घेऊ नये, कारण दाव्यातील कपातीची कारणे प्रत्येक टीपीएच्या पत्रात वेगळ्या रीतीने येतात आणि दोन महिन्यांत त्यांची घडी बसत नाही. तो भाग हिशेबनिसांकडेच राहू द्यावा आणि पत्राच्या सोबतच्या पानावर तसे स्पष्ट नमूद करावे.